शेंगा चटणी : भाजणीने सारे काही साधत नाही

सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांची जोडी आता महाराष्ट्राबाहेरही पोहोचली आहे. घरगुती उखळातून ही चटणी लहान कारखान्यांत आली आणि दोन-तीन दिवसांत संपणारा पदार्थ महिनोन्महिने पाकिटात राहू लागला. तेव्हापासून तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला आहे. अनेक उद्योजकांची समजूत अशी, की दाणे खरपूस भाजले म्हणजे धोका टळला. प्रत्यक्षात भाजणीपूर्वीचा एक धोका भाजणीतून सुखरूप पार पडतो, तर काही धोके भाजणीनंतर आत शिरतात. ‘हॅसप’ या नावाने ओळखली जाणारी धोका-नियंत्रण पद्धती नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते.

या पद्धतीचे सूत्र सोपे आहे. धोका कोणत्या टप्प्यावर रोखता येतो ते ठरवावे, त्या टप्प्यासाठी मोजता येईल अशी मर्यादा बांधावी, ती पाळली जाते की नाही हे पाहावे आणि मर्यादा मोडल्यास काय करायचे ते आधीच लिहून ठेवावे. दिवसाला काही क्विंटल चटणी करणाऱ्या एखाद्या घटकासाठी असा आराखडा कसा असेल, ते पुढे पाहता येईल. त्यातील कायदेशीर मर्यादा वगळता तापमान, वेळ व वजनाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घटकाने ते आपल्या यंत्रावर तपासून ठरवावयाचे असतात.

पहिला टप्पा : दाण्यांची खरेदी

दमट राहिलेल्या शेंगदाण्यांवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. भाजणीत बुरशी मरते, परंतु हे विष उष्णतेला बऱ्याच अंशी दाद देत नाही. म्हणून हा धोका दारातच अडवावा लागतो.

प्रक्रियेसाठी घेतल्या जाणाऱ्या दाण्यांत एकूण अफ्लाटॉक्सिनची भारतातील कायदेशीर मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, तर थेट खाण्याच्या दाण्यांत ती १० मायक्रोग्रॅम आहे. चटणी थेट खाल्ली जाते, म्हणून आराखड्यात खरेदीसाठीच १० ची मर्यादा ठेवणे शहाणपणाचे. जोडीला दाण्यांतील ओलावा ७ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा.

येथे अडचण नमुन्याची येते. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत मोजकेच दाणे अतिशय दूषित असतात. पोत्याच्या तोंडातून काढलेली मूठभर दाण्यांची चाचणी त्यामुळे निर्धास्त करू शकत नाही. अनेक पोत्यांच्या निरनिराळ्या भागांतून थोडे थोडे दाणे काढून, एकत्र दळून मग तपासणी व्हावी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत कच्च्या शेंगदाण्यांसाठी हा नमुना २० किलोचा असतो, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

मर्यादा ओलांडणारा माल परत करावा. चांगल्या मालात मिसळून आकडा खाली आणणे ही दुरुस्ती नव्हे. भाजून साल काढल्यावर काळपट, सुरकुतलेले दाणे अधिक स्पष्ट दिसतात. तेथे पुन्हा हाताने निवड केल्यास विषाचा भार बराच घटतो.

दुसरा टप्पा : भाजणी

भाजणीचे काम साल्मोनेलासारखे जंतू मारण्याचे आहे. मात्र तेलकट आणि कोरड्या पदार्थात हे जंतू पाण्यातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक उष्णता सोसतात. ‘दाणा तांबूस झाला’ ही खूण त्यामुळे पुरेशी नाही. समजा, एका घटकाने तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली मर्यादा अशी आहे : एका वेळी जास्तीत जास्त २५ किलो दाणे, सर्वांत थंड राहणाऱ्या जागी १५० अंश सेल्सिअस आणि तेथून पुढे २० मिनिटे.

सातव्या घाण्याला १२ मिनिटे झाली असताना वीज गेली आणि १५ मिनिटांनी आली. कामगाराच्या मनात ‘राहिलेली ८ मिनिटे’ येतील. पण तोवर दाणे थंड झालेले असतात. आराखड्यातील दुरुस्ती अशी : घाण्यावर लाल चिठ्ठी लावून तो बाजूला ठेवावा, वीज आल्यावर १५० अंश गाठल्यानंतर पूर्ण २० मिनिटे नव्याने मोजावीत, दाणे करपले तर टाकून द्यावेत. नोंदवहीत वेळ, कारण, निर्णय आणि सही हवी. २५ ऐवजी ३५ किलो भरले असतील तर तीच कृती लागू होते, कारण मधला थर अपुरा तापलेला असू शकतो.

२००८-०९ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली येथील शेंगदाणा कारखान्यामुळे साल्मोनेलाची मोठी साथ पसरली. ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि नऊ मृत्यूंचा तिच्याशी संबंध जोडला गेला. भाजणी जंतू मारण्यास पुरेशी आहे का, हे कारखान्याने ठरवून घेतले नव्हते, तसेच कच्चा व तयार माल शेजारी ठेवला जात होता, असे तपासणीत आढळले. दूषित माल जाणूनबुजून विकल्याबद्दल कंपनीच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. भाजलेल्या दाण्यांसाठी वेगळी खोली, वेगळी घमेली आणि वेगळे झाडू का हवेत, याचे उत्तर येथे मिळते.

तिसरा टप्पा : लसूण आणि तिखट

चटणीला चव देणारे पदार्थ भाजणीनंतर मिसळले जातात, म्हणजेच जंतू मारणारा टप्पा त्यांच्या वाट्याला येत नाही. मिरचीपूड साल्मोनेलामुक्त असल्याचा पुरवठादाराचा प्रयोगशाळा-दाखला प्रत्येक खेपेसोबत घ्यावा. तो नसेल तर ती खेप वापरू नये.

लसणाचा प्रश्न पाण्याचा आहे. ताज्या लसणात साधारण साठ टक्क्यांहून अधिक पाणी असते. १० किलो चटणीत अर्धा किलो लसूण घातला तर सुमारे ३०० ग्रॅम पाणी येते. दाण्यांत निम्म्याच्या आसपास तेल असते आणि तेल पाणी धरत नाही. म्हणून ते सारे पाणी उरलेल्या भागातच जमा होते. लसूण दुप्पट झाला की बुरशीला आवश्यक ओल मिळण्याची शक्यता वाढते.

ही ओल ‘जलक्रियाशीलता’ या ० ते १ या मापात मोजतात. तयार चटणीसाठी ०.६५ ही मर्यादा ठेवता येते. आकडा त्याहून वर गेला तर पाकिटे भरू नयेत. चटणी पसरून मंद आचेवर कोरडी करावी व पुन्हा मोजावी. पुढच्या घाण्यासाठी लसूण आधी परतून वा वाळवून घ्यावा आणि त्याचे वजन पाककृतीत पक्के करावे.

चौथा टप्पा : कुटण्यानंतरचे धातूकण

डंक किंवा दळणयंत्राचे लोखंडी भाग झिजतात. चुंबक लोखंड पकडतो, पण स्टेनलेस स्टीलचे तुकडे बहुधा त्याच्या हाती लागत नाहीत. त्यासाठी पाकिटे धातुशोधकातून जावीत आणि ठरवलेल्या आकाराचे चाचणी-तुकडे दर तासाला त्यातून सरकवावेत. अकरा वाजता यंत्राने तुकडा पकडला आणि बारा वाजता सोडला, तर केवळ बाराच्या पुढचा नव्हे, अकरापासूनचा सारा माल रोखावा. यंत्र दुरुस्त झाल्यावर तो पुन्हा तपासावा.

आराखड्यातील प्रत्येक दुरुस्तीचे असे दोन भाग असतात : हातातल्या मालाचे काय करायचे आणि तीच चूक पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचे. वीज जाण्याचे घाणे महिन्यात चार झाले, तर लाल चिठ्ठ्या वाढवून भागणार नाही. जनित्राचा विचार करावा लागेल. ती गरज नोंदवहीच दाखवून देते. मात्र ती रोज, काम चालू असतानाच भरली गेली पाहिजे. महिनाअखेरीस एकाच शाईने भरलेली वही तपासनिसाला लगेच ओळखू येते.