ठिपके बरोबर चालतात, बाजार चालत नाही

शेअर बाजाराच्या चार्टवर किंमतीच्या कँडलखाली किंवा वर एका ओळीत ठिपके मांडलेले अनेकांनी पाहिले असतील. किंमत वर जात असेल तर ठिपके खाली असतात, खाली येत असेल तर वर. किंमतीने ठिपक्याला स्पर्श केला की ठिपके एका झटक्यात पलीकडच्या बाजूला उडी मारतात. हा पॅराबोलिक एसएआर. ‘स्टॉप अँड रिव्हर्स’, म्हणजे थांबा आणि उलटे फिरा, अशी त्याची आज्ञा आहे. मोबाइलवरच्या जवळपास प्रत्येक ट्रेडिंग ॲपमध्ये तो सापडतो. दिसायला इतका स्वच्छ असल्यामुळे नवा ट्रेडर ज्या इंडिकेटरांवर सर्वांत आधी विश्वास टाकतो, त्यांत त्याचा क्रमांक वरचा आहे. एकाच दिशेने धावणाऱ्या बाजारात तो विश्वास सार्थही ठरतो. बाजार आडवा झाला की मात्र हेच ठिपके महिनोन् महिने भांडवल कुरतडत राहतात. त्यामागचे कारण त्याच्या गणितातच आहे, आणि ते गणित शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे.

जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने 1978 साली एका पुस्तकातून ही पद्धत मांडली. शिक्षणाने तो मेकॅनिकल इंजिनिअर. आज सर्रास वापरले जाणारे आरएसआय, एटीआर आणि एडीएक्स हेही त्याच पुस्तकातले. वाइल्डरच्या डोळ्यांसमोर कमॉडिटी वायदे होते. तिथे खरेदी आणि विक्री दोन्ही बाजूंनी तितक्याच सहजतेने व्यवहार करता येतो. म्हणून त्याची पद्धत कधीच बाजाराबाहेर बसत नाही: खरेदीचा सौदा संपला त्याच क्षणी विक्रीचा सुरू.

आता गणित. खरेदीच्या सौद्यात उद्याचा ठिपका असा काढतात:

```
उद्याचा ठिपका = आजचा ठिपका + वेग × (शिखर − आजचा ठिपका)
```

शिखर म्हणजे हा सौदा सुरू झाल्यापासून गाठलेली सर्वांत वरची किंमत. वेग 0.02 पासून सुरू होतो. किंमतीने नवे शिखर गाठले की दर वेळी तो 0.02 ने वाढतो आणि 0.20 वर थांबतो. ठिपका उलटला की वेग पुन्हा 0.02 वर येतो आणि नव्या ठिपक्यांची सुरुवात आधीच्या सौद्याच्या टोकापासून होते. आणखी एक नियम असा, की खरेदीच्या सौद्यात ठिपका मागच्या दोन दिवसांच्या नीचांकांच्या वर जाऊ द्यायचा नाही. विक्रीच्या सौद्यात हेच सगळे उलट्या दिशेने.

चांगल्या दिवसांत हे कसे चालते ते आकड्यांत पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, 106 रुपयांना शेअर घेतला, पहिला ठिपका 100 वर आहे आणि त्या दिवशीचा उच्चांक 108. पुढे रोज दोन-दोन रुपयांनी नवे शिखर होत गेले. पहिले तीन ठिपके 100.16, 100.55 आणि 101.24 वर पडतात, म्हणजे जवळजवळ जागेवरच. सुरुवातीला सौद्याला श्वास घ्यायला जागा मिळावी, हा त्यामागचा विचार. पुढे वेग वाढत जातो, ठिपक्यांची रेघ वर वळते आणि पॅराबोलासारखा बाक घेते. किंमत 126 ला पोचेपर्यंत वेग 0.20 झालेला असतो आणि दुसऱ्या दिवशीचा ठिपका 115.05 वर येतो. समजा इथे तेजी थकली आणि शेअर चार दिवस 122 ते 125 मध्ये घुटमळला. ठिपके थांबत नाहीत: 117.24, 118.99, 120.39. पाचव्या दिवशीचा ठिपका 121.51 वर असतो. त्या दिवशी किंमत 121 पर्यंत आली की आपण 121.51 ला बाहेर. शेअरमागे साडेपंधरा रुपये हातात आले आणि शिखरापासून फक्त साडेचार रुपये खाली विक्री झाली. हाताने स्टॉपलॉस सरकवणाऱ्या बहुतेकांना इतकी शिस्त साधत नाही.

या उदाहरणातले शेवटचे पाच दिवस नीट पाहायला हवेत, कारण पुढच्या नुकसानीचे बीज तिथेच आहे. त्या दिवसांत शेअरने नवे काहीच केले नाही, तरी ठिपका रोज वर चढत राहिला. सूत्रानुसार शिखर आणि ठिपका यांतल्या अंतराचा ठरावीक हिस्सा रोज कापला जातो, मग किंमत हलो वा न हलो. किंमतीची हालचाल थांबल्यावर हे घड्याळ थांबत नाही. तेजी संपत आली असेल तर हीच घाई नफा वाचवते. पण बाजाराला मुळात दिशाच नसेल, तर ही घाई प्रत्येक साध्या हेलकाव्याला कलाटणी समजते.

आता आडवा बाजार घेऊ. समजा एक शेअर बरेच दिवस 500 ते 520 या पट्ट्यात वर-खाली करतो आहे. तळ 500 ला होऊन तो वर आला आणि 515.89 वरचा ठिपका ओलांडला. पद्धत सांगते, खरेदी करा. नव्या ठिपक्याची सुरुवात 500 पासून. पुढच्या दोन दिवसांत उच्चांक 519 आणि 520 होतात, म्हणजे वेग 0.06 वर पोचतो. मग किंमत परत फिरते. ठिपका 502.21, 503.28, 504.28 असा चढत असताना वरून किंमत 510, 506, 503 अशी उतरते आणि 504.28 ला दोघांची गाठ पडते. सौदा बंद, तोटा 11.61 रुपये. पद्धत आता विक्रीचा सौदा घ्यायला सांगते, तोही 504.28 ला, जिथून पट्ट्याचा तळ जेमतेम चार रुपयांवर आहे. किंमत 500 ला टेकून पुन्हा वर येते. वरून उतरणारे ठिपके 515.71 पर्यंत आलेले असतात, तिथे विक्रीचा सौदा तुटतो आणि आणखी 11.43 रुपये जातात. दहा दिवसांच्या व्यवहारात शेअर 516 च्या आसपास होता तिथेच आहे, आपले मात्र 23 रुपये गेले. ब्रोकरेज आणि कर वेगळेच.

यात पद्धतीने कुठेही चूक केली नाही, प्रत्येक ठिपका नियमानुसार पडला. अडचण पट्ट्याच्या रुंदीची आहे. ठिपका ओलांडला जाईपर्यंत किंमतीने वीस रुपयांच्या पट्ट्यातला तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग पार केलेला असतो. खरेदी केली तेव्हा वर फक्त चार रुपये शिल्लक होते आणि खाली सोळा. म्हणून अशा बाजारात खरेदी पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ आणि विक्री खालच्या टोकाजवळ होते, आणि हा नशिबाचा भाग नाही. पट्ट्याची रुंदी आणि हेलकाव्याचा काळ ठिपक्यांच्या चालीशी असा जुळला, की प्रत्येक फेरीत तेच घडते. मग हा एक-दोन सौद्यांचा अपघात राहत नाही, संथ रक्तस्राव होतो.

आपल्याकडच्या साध्या गुंतवणूकदाराला यातला अर्धाच भाग लागू पडतो. रोखीच्या बाजारात विकलेला शेअर रात्रभर शॉर्ट ठेवता येत नाही, त्यासाठी फ्युचर्स लागतात. म्हणून बरेच जण ठिपका फक्त बाहेर पडण्यासाठी वापरतात आणि ठिपके पुन्हा खाली आले की परत खरेदी करतात. वरच्या उदाहरणात त्यांचा विक्रीच्या सौद्यातला तोटा वाचेल, पण 515.89 ला घेऊन 504.28 ला विकण्याचा वाचणार नाही. डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का एसटीटी लागतो, म्हणजे या एका फेरीत शेअरमागे आणखी एक रुपया. शिवाय परतीची खरेदी 515.71 ला, म्हणजे विकलेल्या भावापेक्षा साडेअकरा रुपये महाग.

वेग कमी केला तर काम भागेल, असा पहिला विचार बहुतेकांच्या मनात येतो. 0.02 ऐवजी 0.01 ठेवला की ठिपके दूर राहतात आणि कमी वेळा उलटतात, हे खरे. पण उलटतात तेव्हा तोटा मोठा असतो, आणि खऱ्या तेजीच्या शेवटी हातचा नफाही जास्त सुटतो. गेल्या वर्षाच्या चार्टवर चपखल बसणारा आकडा शोधत बसणे मला धोक्याचे वाटते, कारण पुढचा पट्टा वेगळ्या रुंदीचा असेल.

वाइल्डरने स्वतः बाजाराला दिशा आहे की नाही हे मोजण्यासाठी वेगळे साधन दिले, ते म्हणजे एडीएक्स. तो 20 च्या खाली असेल तर बाजार आडवा आणि 25 च्या वर असेल तर दिशा पक्की, असा सर्वसाधारण संकेत आहे. एडीएक्स कमी असताना ठिपक्यांवर नवे सौदे न घेणे हा सर्वांत उपयोगी गाळ आहे. त्यालाही मर्यादा आहे: नेहमीच्या मांडणीत तो 14 दिवसांच्या आकड्यांवरून काढतात, त्यामुळे तेजी सुरू झाल्याचे उशिरा सांगतो आणि संपल्याचेही. तेजीचा पहिला हिस्सा सोडून द्यायची तयारी हवी.

दुसरा मार्ग ट्रेलिंग स्टॉपच बदलण्याचा. सर्वोच्च किंमतीतून एटीआरची तिप्पट वजा करून स्टॉप ठेवला, तर नवे शिखर झाल्याशिवाय तो फारसा हलत नाही. दिवस गेले म्हणून तो किंमतीच्या जवळ सरकत नाही. तेजीच्या अखेरीस तो जास्त नफा परत देतो, पण मधल्या विश्रांतीत सौदा टिकू देतो. दीर्घ मुदतीसाठी शेअर धरणाऱ्याला मी हाच सुचवेन. ठिपके राखून ठेवावेत ते सरळ, वेगाने धावणाऱ्या तेजीत नफा बांधण्यासाठी.

आपला शेअर आडव्या बाजारात आहे का, हे ओळखायला चार्टच पुरतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत ठिपके जिथे जिथे उलटले त्या किंमती ओळीने लिहा. प्रत्येक खरेदीचा भाव त्यानंतरच्या विक्रीच्या भावापेक्षा वर दिसत असेल आणि एका बाजूला चार-सहा ठिपके पडून लगेच उडी होत असेल, तर त्या शेअरमध्ये सध्या हे साधन वापरू नका.