बारा अक्षरांत मावणारं नाव

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला आणि आजही जगभर हजारो लोक एकाच वेळी तो खेळतात. पात्र तयार करताना आधी वंश ठरवायचा, मग क्लास, म्हणजे पात्राचं खेळातलं काम: ढाल घेऊन पुढं उभं राहणारा वॉरियर, जादू फेकणारा मेज, जखमा भरणारा प्रीस्ट. चेहरा आणि केसही हवे तसे घेता येतात. शेवटी नावाची चौकट येते आणि बरेच जण तिथं अडकतात. नाव २ ते १२ रोमन अक्षरांचं हवं. अंक चालत नाहीत, मधे जागा सोडता येत नाही, एकच अक्षर सलग तीनदा लिहिता येत नाही. शिवाय त्याच रेल्मवर, म्हणजे खेळाच्या त्याच सर्व्हरवर, तेच नाव आधी कुणी घेतलेलं नसावं लागतं.

अक्षरांची अशी मर्यादा जुन्या खेळांपासून चालत आली आहे. कार्ट्रिजमध्ये खेळ जतन करायला जागा जेमतेम असायची आणि मेनूतले रकानेही अरुंद. १९८६ च्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये नायकाला चारच अक्षरं मिळायची. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये पाच, म्हणून खेळाच्या इंग्रजी शीर्षकात Chrono असूनही नायक मात्र Crono झाला. पोकेमॉनमधल्या Feraligatr या मगरीच्या नावातला एक ‘o’ दहा अक्षरांच्या मर्यादेपायी गेला. आज साठवणुकीची अडचण उरलेली नाही, पण पडद्यावरची जागा अजूनही मोजकीच आहे.

बारा अक्षरं चालतात म्हणून बाराही वापरावीत, असं नवख्या खेळाडूला वाटतं. पण नाव सगळीकडे पूर्ण दिसत नाही. मोठ्या लढाईला, म्हणजे रेडला, सर्वांत अवघड पातळीवर २० जण एकत्र जातात. तेव्हा पडद्याच्या कडेला प्रत्येकाचा एक छोटा चौकोन असतो. चौकोनात उरलेली ताकद दाखवणारी पट्टी, आणि पट्टीवर नाव. लांब नाव तिथं मावलं नाही की अर्ध्यावर कापलं जातं आणि पुढं टिंबं येतात. उपचार करणारा खेळाडू पूर्ण लढाईभर याच चौकोनांकडे बघत असतो, त्यामुळं तुमच्या नावाची पहिली पाच-सहा अक्षरं हेच त्याच्यासाठी तुमचं नाव. अक्षरांची नुसती संख्या मोजूनही भागत नाही. या टाइपात i आणि l बारीक, तर m आणि w रुंद असतात. म्हणून सात अक्षरांचं एखादं नाव अख्खं मावतं आणि तेवढ्याच अक्षरांचं दुसरं कापलं जातं.

याच चौकोनातली दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खेळात प्रत्येक क्लासला ठरलेला रंग आहे: ड्रुइड नारिंगी, प्रीस्ट पांढरा, मेज फिकट निळा, हंटर हिरवा, पॅलाडिन गुलाबी. चौकोन त्या रंगात भरलेला असला की समोरचा कोण आहे हे नाव वाचण्याआधीच कळतं. मग मिळालेल्या बारा अक्षरांतली अर्धी ‘हंटर’ किंवा ‘मेज’ लिहिण्यात का घालवायची? आगीच्या जादूवरून नाव ठेवलेला मेज पुढं बर्फाची जादू शिकला, तर ते नाव त्याला शोभत नाही. क्लास काय ते रंग सांगतोच आहे. नावानं स्वभाव सांगावा, आणि क्लासशी त्याचं नातं आवाजातून जुळावं.

आवाजातून जुळणं हे नुसतं कवीमनाचं बोलणं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी १९२९ मध्ये एक टोकदार आणि एक गोलसर आकृती पुढं ठेवून, दोन निरर्थक शब्दांपैकी कोणता कोणाचा, असं लोकांना विचारलं होतं. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये ‘किकी’ आणि ‘बूबा’ या शब्दांच्या मदतीनं तेच पुन्हा मांडलं. बहुतेकांनी टोकदार आकृतीला ‘किकी’ म्हटलं. ‘क’, ‘ट’, ‘ग’ यांचा आघात आणि ‘ल’, ‘म’, ‘व’ यांचा ओघ कानाला वेगळा लागतो. खेळ लिहिणाऱ्यांनीही हे पाळलेलं दिसतं. ऑर्क योद्ध्यांची नावं Grom, Thrall अशी आखूड आणि जड. रानात राहणाऱ्या नाइट एल्फांची Malfurion, Tyrande अशी लांबवत म्हणायची.

आता एक नाव प्रत्यक्ष घडवून पाहू. पात्र नाइट एल्फ ड्रुइड, स्त्री. काम जखमा भरण्याचं, स्वभाव शांत आणि चिवट. मराठी माणसाला पहिल्यांदा ‘वनरक्षक’ सुचेल: Vanarakshak, अकरा अक्षरं. नियमात बसतं, पण चौकोनात कापलं गेलं की उरतं Vanara, आणि रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ कळत नसल्यानं आपण ते ‘वानर’ असं वाचतो. शिवाय ‘क्षक’चा खडखडाट पट्टीच्या योद्ध्याला शोभेल, हिला नाही.

त्यापेक्षा ‘पालवी’ बरं. Palvi, पाच अक्षरं, त्यातली l आणि i बारीक. तोडलेल्या झाडालाही फुटते ती पालवी, म्हणून स्वभावाशी जुळतं, आणि आवाजही मऊ आहे. पण इतकं आखूड नाव रेल्मवर आधीच गेलेलं असण्याचा संभव मोठा. अशा वेळी अनेक जण Pálvi असं टोपीवाल्या अक्षरानं काम भागवतात. खेळ ते स्वीकारतो, मात्र खरा त्रास पुढं होतो. एखाद्याला गटात बोलवायला किंवा खासगी निरोप धाडायला नाव टाइप करावं लागतं:

```
/invite Palvira
/w Palvira
```

साध्या कीबोर्डवर ते टोपीवालं अक्षर चटकन सापडत नाही, आणि साधं a टाइप केलं तर निरोप भलत्याच खेळाडूला जातो. म्हणून वरच्या ओळीत आहे तसं, मागं एक अवयव जोडावा: Palvira. सात अक्षरं, सुरुवात तीच, शेवट एल्फांच्या नावांच्या जवळचा. कापलं गेलं तरी ‘पाल्वी’ उरतं.

पुढची परीक्षा कानाची. रेडमध्ये सगळे हेडफोन लावून बोलत असतात. कुणी पडलं की गटाचा प्रमुख ड्रुइडला हाक मारतो, कारण भर लढाईत मेलेल्याला उठवणारा ‘रीबर्थ’ हा मंत्र तिच्याकडे असतो. “पाल्वी, रीबर्थ!” हे एका दमात निघतं. आडनिडं नाव असेल तर लोक स्वतःच त्याचा तुकडा पाडतात, आणि तो तुम्हाला आवडेलच असं नाही. गटात आधीच एखादी ‘Palak’ असेल तर मात्र घाईत दोघींची गल्लत होईल; तेव्हा नेहमीच्या सोबत्यांची नावं आधी पाहून घ्यावीत.

मराठी नावांपुढं आणखी एक अडसर असतो. ऑनलाइन खेळांची शिव्या गाळणारी चाळणी इंग्रजी अक्षरं बघते, अर्थ बघत नाही. Shital किंवा Harshit अशा सरळ नावांच्या पोटात तिला शिवी सापडू शकते. Sheetal असं लिहिलं की शीतलची वाट मोकळी होते. हर्षितला दुसरं नाव शोधावं लागतं.

नंतर नाव बदलायचं तर कंपनीकडे पैसे भरावे लागतात. म्हणून पहिल्याच पातळीवर, पात्रात काही गुंतलेलं नसताना, कुणाला तरी गटात घेऊन आपलं नाव त्याच्या पडद्यावर कसं दिसतं ते विचारावं आणि त्याला ते मोठ्यानं वाचायला लावावं. तो अडखळला तर पात्र पुसून नवीन करायला पाच मिनिटं पुरतात.