कार्बन कर: किमतीत न धरलेला खर्च

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे होणाऱ्या हवामानबदलाची झळ साऱ्या जगाला बसते, पण पेट्रोल काढणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या किंवा जाळणाऱ्याच्या हिशेबात ती कुठेच येत नाही. असा बाह्य खर्च कराच्या रूपाने किमतीत घालावा, असा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये सविस्तर मांडला.

असा कर प्रदूषण पार बंद करण्यासाठी असतो, हा पहिला गैरसमज. समजा, कर टनाला 2000 रुपये आहे. ज्या कारखान्याला एक टन उत्सर्जन 500 रुपयांत टाळता येते, तो ते टाळतो; ज्याला त्यासाठी 5000 रुपये लागतात, तो मुकाट्याने कर भरतो. म्हणजे कपात आधी जिथे स्वस्तात होते तिथे होते, आणि कोणी किती करायची हे सरकारला ठरवावे लागत नाही. अडचण आहे ती दर ठरवण्याची. नुकसानीचा अंदाज कमी धरला, तर कर नावापुरताच उरतो.

‘उत्पादक कर ग्राहकाच्याच माथी मारणार, मग उपयोग काय?’ ही शंका नेहमीची. पण भाव चढणे हाच तर या कराचा मार्ग आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1 जुलै 2008 रोजी टनाला 10 डॉलर कर लावला आणि तो टप्प्याटप्प्याने 2012 पर्यंत 30 डॉलरवर नेला. पेट्रोलवर तो लिटरमागे जेमतेम 7 सेंट पडला. तेवढ्याने कोणी गाडी सोडत नाही, हे खरे. मात्र नवी गाडी घेताना किंवा घर गरम ठेवण्याची यंत्रणा बदलताना हा फरक मोजला जातो. कर नसता तर जेवढे उत्सर्जन झाले असते, त्यापेक्षा ते 5 ते 15 टक्के कमी राहिले, असे पहिल्या काही वर्षांच्या अभ्यासांतून दिसले.

कर म्हणजे तिजोरी भरण्याचा बहाणा, असेही म्हटले जाते. पण ब्रिटिश कोलंबियात सुरुवातीला कायद्यानेच जमा रकमेइतकी सूट इतर करांत द्यावी लागे: प्राप्तिकराचे दर उतरले, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वेगळी रक्कम मिळू लागली. पुढे हे बंधन काढले गेले. शिवाय पंपावरची वाढ रोज डोळ्यांसमोर, तर प्राप्तिकरातली सवलत कुणाच्या लक्षातही येत नाही. कराची खरी राजकीय दुबळी बाजू हीच. दर 80 डॉलरवर पोहोचल्यावर, 1 एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरचा कर रद्द झाला. मोठ्या उद्योगांच्या उत्सर्जनावरची आकारणी मात्र चालू ठेवण्यात आली.