खूण केलीस, पुरावा कुठे?

आमच्या घरात बोलणे उर्दूत, लेकीची शाळा मराठी माध्यमाची. ती सहावीत गेली तेव्हा आम्ही एक फाईल केली. दर महिन्याला एक निबंध, त्याचे कच्चे आणि पक्के दोन्ही लेखन, तारीख घालून. सोबत चार प्रश्नांची यादी, तिने स्वतः भरायची: प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आहे का? डोळ्यांसमोर येईल असा तपशील आहे का? शब्दांचे लिंग तपासले का? मोठ्याने वाचून पाहिले का?

जूनमध्ये तिने चारही खुणा केल्या. निबंधात मात्र ‘आमचा घर सजला’, ‘पाणी थंडा होता’ असे होते. उर्दूत घर आणि पाणी पुल्लिंगी. नपुंसकलिंग तिथे नाहीच. मग नियम केला: खूण करायची तर निबंधातला पुरावा अधोरेखित करायचा. जुलैत खुणा दोनच उरल्या. ती हिरमुसली, पण ती प्रथमच आपले लेखन खरोखर तपासत होती.

कच्च्या लेखनाला आम्ही लाल पेन लावला नाही. नाहीतर फाईलमध्ये प्रगती आमचीच दिसली असती.

दिवाळीच्या सुट्टीआधी जूनचाच विषय पुन्हा दिला, ‘आमची ईद’. दोन्ही निबंध शेजारी ठेवले. ‘आमचे घर सजले’ आता कच्च्या लेखनातच होते. ‘अम्मीने छान शीरखुर्मा केला’च्या जागी ‘अम्मीने रात्री भिजवलेली खारीक पहाटे चिरली’ आले होते. परिच्छेद मात्र अजून विस्कळीत. तो प्रश्न तिने स्वतःच दुसऱ्या सत्राच्या यादीत सर्वांत वर लिहिला.