सर, माझी मुलाखत घ्याल का?

तालुक्याच्या गावी नव्या उद्योजकांना वाट दाखवणारे एखादे सर असतात आणि कधी कधी ते स्थानिक लोकांच्या मुलाखतींची मालाही चालवतात. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाला त्या मालेत यायचं असेल, तर पत्र लिहिणं अवघड जातं. जुनी ओळख असल्यामुळे पत्र एकतर आभारांनी भरतं, नाहीतर त्याचा बायोडाटा होतो. सरांना कळायला हवं असतं ते एवढंच, की या पाहुण्याला विचारायचं काय?

समजा, तासगावकडच्या एक बेदाणा उत्पादक ताई लिहीत आहेत. ‘माझा संघर्षमय प्रवास’ म्हटलं की प्रश्न सुचतच नाही. त्यापेक्षा त्यांनी असं लिहावं:

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आपल्या मुलाखतमालेत पाहुणी म्हणून यायची माझी इच्छा आहे. दोन हंगामांपूर्वी अवकाळी पावसात रॅकवरचा माझा माल काळा पडला. त्याचा दर किती तुटला आणि पुढच्या हंगामात शेडला कडेनं कागद बांधून, द्राक्षं विरळ पसरून काय फरक पडला, हे मी हिशेबासह सांगेन. तोट्याचा आकडाही लपवणार नाही. बेदाण्याचं काम फेब्रुवारीपासून जोर धरतं, त्यामुळे जानेवारीत मुलाखत झाली तर शेतकऱ्यांना उपयोग होईल. दुपारी तीननंतर मी मोकळी असते. सोबत शेडचा फोटो आणि अडत्याची पट्टी जोडली आहे. मी आपली विद्यार्थिनी आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. विषय जुळत नसेल तर निःसंकोच कळवावं.’

या पत्रात सरांना निम्मी मुलाखत तयार मिळते. पाऊस आला त्या रात्री काय केलं, काळ्या मालाला गिऱ्हाईक कोण मिळालं, कागदामुळे वारा अडून माल सुकायला वेळ लागला का, असे प्रश्न आपोआप सुचतात. शेवटचा प्रश्न तर खोचकच आहे, कारण बेदाणा सुकतो तो खेळत्या हवेवर. त्याचं उत्तर ताईंकडे तयार हवं. नसेल, तर पत्र पाठवायची घाई करू नये.

महिन्याचा उल्लेखही महत्त्वाचा. हीच मुलाखत मेमध्ये झाली तर माल सुकून गेलेला असतो आणि ऐकणाऱ्याला वर्षभर थांबावं लागतं. म्हणून पत्र दिवाळीनंतर लगेच गेलेलं चांगलं.

शिष्येला नाही म्हणणं सरांना जड जातं, म्हणून नकाराची वाट पत्रातच मोकळी ठेवायची. विद्यार्थिनी असल्याचं उघड केलं, की ‘आपल्याच माणसाची जाहिरात केली’ असा ठपका सरांवर येत नाही. त्याच कारणासाठी दरपत्रक जोडू नये आणि मानधन देऊ करू नये. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर एकदा फोन करावा. दुसरा फोन मात्र करू नये.