फरक फक्त ३२८ रुपये?

वर्षाअखेर ३१ मार्चला गोडाऊन बंद ठेवून सगळा माल मोजायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्या मोजणीतून स्टॉक किती कमी-जास्त आहे ते कळते, पण तो कधी आणि कशामुळे झाला याचा माग तोवर पुसून गेलेला असतो. म्हणून बरेच कारखाने आणि मोठे व्यापारी आता सायकल काउंट करतात. म्हणजे रोज किंवा आठवड्याला थोडा थोडा माल मोजायचा. महाग माल महिन्याला एकदा, मधल्या किमतीचा तिमाहीला, आणि नट-बोल्टसारखा स्वस्त माल वर्षातून एक-दोनदा मोजला जातो. मोजून झाले की रॅकवरचा आकडा आणि कॉम्प्युटरवरचा आकडा शेजारी मांडून फरकाची किंमत काढतात. हाच तफावतीचा अहवाल. तो वाचताना बहुतेकांची नजर थेट खालच्या बेरजेवर जाते आणि तिथेच फसगत होते.

एक उदाहरण घेऊ. भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत बेअरिंग विकणारे आणि मोटरी रिवाइंड करणारे एक दुकान आहे असे समजा. तिथे सकाळी पहिला माल हलण्याआधी चार वस्तू मोजल्या. मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर फक्त वस्तूचे नाव आणि रॅक नंबर होता, सिस्टीमचा आकडा मुद्दाम छापलेला नव्हता. तो दिसला की माणूस नकळत त्याच आकड्यापर्यंत मोजतो आणि थांबतो. फरक निघालेल्या वस्तू दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजल्या. मग असा अहवाल तयार झाला :

| वस्तू | सिस्टीम | प्रत्यक्ष | फरक | दर (रु.) | किंमत (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| बेअरिंग ६२०५ झेडझेड | २४० | २०० | −४० | १८० | −७,२०० |
| बेअरिंग ६२०५ टू-आरएस | १६० | २०० | +४० | १९० | +७,६०० |
| एम-१० बोल्ट | १,४१२ | २,६०० | +१,१८८ | ६ | +७,१२८ |
| तांब्याची वाइंडिंग वायर (किलो) | ३१० | ३०२ | −८ | ९०० | −७,२०० |

दर हा खरेदीचा आहे, विक्रीचा नाही. जो नफा अजून झालेलाच नाही, तो तुटीत धरून चालत नाही.

शॉर्ट आणि जादा एकमेकांतून वजा केले तर निव्वळ फरक येतो ३२८ रुपये. या चार वस्तूंचा सिस्टीममधला स्टॉक ३,६१,०७२ रुपयांचा आहे. त्यापुढे ३२८ रुपये म्हणजे एक दशांश टक्कासुद्धा नाही. मालक खूश होऊन सही करील. पण उणे-अधिकची चिन्हे बाजूला ठेवून चारही फरकांची बेरीज करा, ती २९,१२८ रुपये होते. म्हणजे स्टॉकच्या ८ टक्के. नफ्या-तोट्यावर किती परिणाम होईल ते निव्वळ आकडा सांगतो. गोडाऊनच्या नोंदींवर किती विसंबता येईल ते मात्र दुसऱ्या बेरजेवरून कळते. म्हणून अहवालात दोन्ही बेरजा हव्यात आणि वाचताना दुसरी आधी वाचावी.

आता एकेक फरक पाहू. एकाच मापाच्या दोन बेअरिंगांत एक ४० ने शॉर्ट आणि दुसरे बरोबर ४० ने जादा, ही जोडी दिसली की अनुभवी स्टोअरकीपर चोरीचा विचार शेवटी करतो. झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याचे झाकण असते आणि टू-आरएसला रबराचे सील. आतला व्यास दोघांचाही २५ मिलिमीटर, आणि खोकीही सारखीच दिसतात. गेल्या महिन्याची चलने काढली तर ४० टू-आरएसचे एक बिल सापडते. गिऱ्हाइकाला फोन केल्यावर कळते की त्याच्याकडे झेडझेड पोचली आहेत. याची दुरुस्ती स्टॉकमध्ये परस्पर करायची नसते. गिऱ्हाइकाने माल बदलून मागितला तर झेडझेड परत घेऊन टू-आरएस द्यायची, ठेवून घेतला तर बिल दुरुस्त करायचे. मग दोन्ही आकडे आपोआप जुळतात.

बोल्टचे कारण आवकेच्या पावतीत आहे. शंभर-शंभरचे १२ डबे आले आणि नोंद झाली १२ नगांची. म्हणून १,२०० वजा १२, बरोबर १,१८८ चा फरक. आकडा डब्यातल्या नगसंख्येच्या आसपास घुटमळत असेल तर एककाची चूक आधी तपासावी. इथे पुरवठादाराचे बिल अजून चढायचे होते, म्हणून दर ६ रुपयेच राहिला. बिलाचे ७,२०० रुपये या १२ नगांवर चढले असते तर सरासरी दर ११ रुपयांवर गेला असता आणि तोच फरक जवळपास दुप्पट किमतीचा दिसला असता. दर अचानक वाढलेला दिसला तर आधी दर तपासायचा, नग नंतर.

उरली तांब्याची वायर. काटा तपासला, रिळांचे रिकामे वजन वजा केले आहे का ते पाहिले. वाइंडिंग विभागाच्या इश्यू स्लिपा चाळल्यावर रात्रपाळीत दिलेल्या ५ किलोंची एक स्लिप सिस्टीममध्ये चढलीच नाही असे आढळले. ती चढवल्यावर तूट उरली ३ किलो. तिचे कारण मात्र सापडले नाही.

म्हणजे २९,१२८ रुपयांच्या फरकात खरे नुकसान २,७०० रुपयांचे. तेवढेच मालकाच्या मंजुरीने तोट्यात लिहायचे. त्यासोबत आणखी एक खर्च येतो. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खर्ची टाकलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट ठेवता येत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तशी तरतूद आहे. १८ टक्के दराने ४८६ रुपयांचे क्रेडिट परत करावे लागेल.

कारण न शोधता सिस्टीममध्ये सरळ प्रत्यक्ष आकडे टाकून मोकळे होणे सोपे असते आणि बऱ्याच ठिकाणी तेच होते. त्याचे परिणाम पुढच्या महिन्यात दिसतात. बोल्टचे १,१८८ नग आधीच वाढवलेले असतात. मग बिल जुळेना म्हणून अकाउंट्सवाले आवकेची पावती दुरुस्त करतात आणि तेवढेच नग पुन्हा एकदा वाढतात. आता सिस्टीममध्ये आहे पण रॅकवर नाही अशी ७,१२८ रुपयांची खोटी तूट उभी राहते, आणि संशय येतो स्टोअरमधल्या माणसावर.

या अहवालाच्याही मर्यादा आहेत. गंजलेले बेअरिंगसुद्धा मोजणीत एक नगच धरले जाते, त्यामुळे मालाची अवस्था वेगळी लिहून ठेवावी लागते. खोट्या चलनावर बाहेर गेलेला मालही इथे सापडणार नाही, कारण कागद आणि रॅक दोन्ही जुळतात. ज्याच्या हातात माल आहे त्यानेच मोजले आणि त्यानेच सिस्टीममध्ये दुरुस्ती केली, तर अहवालाला काहीच अर्थ उरत नाही. ही तीन कामे तीन माणसांकडे हवीत, निदान दोघांकडे तरी.

अहवालात शेवटचा रकाना कारणाचा ठेवा आणि तीन-चार महिन्यांचे अहवाल एकत्र पाहा. चुकीचे खोके गेले हे कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर ती दोन बेअरिंगे वेगवेगळ्या रॅकवर हलवा. डबे-नगांचा घोळ होत असेल तर आवकेच्या पावतीवर दोन्ही एकके छापा. आणि तांब्याच्या वायरीपुढे दर महिन्याला ‘कारण सापडले नाही’ असेच लिहिले जात असेल, तर ती मोजायची वेळ महिन्यावरून आठवड्यावर आणा आणि तिची किल्ली कोणाकोणाकडे असते ते पाहा.