बाई रजेवर असतील तेव्हा

दुसरीच्या बाई अचानक रजेवर गेल्या की जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुतेक वेळा एकच उपाय होतो: शेजारचा वर्ग जोडायचा, किंवा जो शिक्षक मोकळा असेल त्याला पाठवायचं. मुलांना 'चित्र काढा' म्हणून सांगितलं जातं, अर्ध्या तासात चित्रं संपतात आणि मग दुपारपर्यंत गलका. तो दिवस वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक वर्गशिक्षकाने टेबलाच्या खणात एक फाईल तयार ठेवावी असं मला फार वाटतं. फाईल जाड नको, चार पानं पुरतात.

पहिलं पान बैठकीचं. अठ्ठावीस मुलं कुठे बसतात त्याचा आराखडा काढायचा, पण तो फळ्याकडे पाठ करून मुलांसमोर उभं राहिल्यावर दिसतो तसा. फळा कागदाच्या खालच्या कडेला हवा. मागच्या भिंतीपाशी उभं राहून काढलेल्या आराखड्यात डावं-उजवं उलटं होतं आणि नवख्या माणसाच्या तोंडी चुकीची नावं येतात. ज्याला फळ्यावरचं नीट दिसत नाही, जिला कमी ऐकू येतं, ज्या दोघांना शेजारी बसवलं की भांडण ठरलेलं, त्यांच्या नावापुढे खूण करावी. त्या दिवशी जागा बदलू नयेत. 'आमच्या बाई आम्हाला इथे बसवतात' असं सांगून हवी ती जागा पटकावणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. आराखडा हाताशी असला की त्यावर वाद घालत बसावं लागत नाही.

दुसऱ्या पानावर रोजच्या सवयी. परिपाठानंतर हजेरी कशी होते, शांत बसण्याची खूण कोणती (बाई तीन टाळ्या वाजवतात आणि मुलं दोन परत देतात, असं काही), लघवीला एका वेळी किती जणांनी जायचं, पोषण आहाराच्या वेळी हात धुवायची रांग कुठून सुटते, कुणाला कोणता पदार्थ चालत नाही. शाळा सुटल्यावर कोण कोणाबरोबर घरी जातं, हेही. हे सगळं मुलांना पाठ असतंच, पण नव्या माणसाला ते ठाऊक नाही हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.

तिसऱ्या पानावर शिकवणं. नवा धडा अजिबात नको. झालेल्या भागाचाच सराव. माझी आवडती कृती चिंचोक्यांची. चार-चार मुलांचे सात गट करायचे आणि प्रत्येक गटाला चाळीस-पन्नास चिंचोके द्यायचे. आधी न मोजता अंदाज पाटीवर लिहायचा. मग फरशीवर खडूने गोल काढून एकेका गोलात दहा-दहा ठेवायचे आणि उरलेले सुटे बाजूला. चार गोल भरले, सात उरले, तर संख्या ४७. इथे पाट्या फिरून पाहाव्यात, कारण काही मुलं हमखास ७४ लिहितात. 'सत्तेचाळीस' म्हणताना कानावर सात आधी पडतात, म्हणून हात सात आधी लिहितो. त्या मुलाला 'चुकलं' म्हणण्यापेक्षा 'भरलेले गोल किती?' एवढंच विचारावं. तो चार मोजतो आणि स्वतःच पाटी पुसतो.

तिसरीचा वर्ग जोडलेला असेल तर तिसरीच्या मुलांचे वेगळे गट करून त्यांनी दुसरीच्या तीन गटांचे चिंचोके एकत्र केल्यावर किती होतील, ते काढायचं. साहित्य तेच, बेरीज शंभराच्या वर जाते. पहिलीला मात्र चिंचोके देऊ नयेत. त्या वयाची मुलं नाकात घालतात. त्यांना बाटल्यांची झाकणं बरी.

कृती जमली की नाही हे दहा मिनिटांत कळतं. सगळीकडून 'झालं, झालं' येऊ लागलं तर ती फार सोपी होती; चिंचोके वाढवावेत. मुलं एकमेकांकडे बघून 'काय करायचंय?' विचारत असतील तर सूचना पोचलेली नाही. अशा वेळी आवाज चढवून तीच सूचना पुन्हा सांगण्याचा उपयोग होत नाही. एका गटाला मधे बसवून सर्वांसमोर करून दाखवावं.

जेवणानंतरचा तास सर्वांत अवघड. मुलं सुस्तावलेली तरी असतात, नाहीतर धावून आलेली. तेव्हा आधी गोष्ट वाचून दाखवावी आणि मग शब्दांची साखळी घ्यावी: 'कमळ', 'ळ'ने सुरू होणारा शब्द मिळत नाही, म्हणून 'म'वरून 'मगर', मग 'रवा', मग 'वाटी'. अडलेल्या मुलाला शेजाऱ्याने मदत करायची परवानगी असली की कुणी रडत नाही.

चौथं पान कोरं ठेवायचं, बदली शिक्षकाने भरण्यासाठी. काय झालं, काय राहिलं, कोण लवकर घरी गेलं, कुणाला लागलं आणि पालकांना कळवलं का. कुणी खोड्या केल्या याची यादी त्यात नसावी. दुसऱ्या दिवशी बाईंना खरा उपयोग होतो तो कोणत्या मुलांनी ७४ लिहिलं त्या नावांचा.